अज्ञात कार्बॉक्सिलिक अम्लाची ओळख : उदासिनीकरण सममूल्यभार आणि अनुजाताचा वितळबिंदू

एका सममूल्य अल्कलीला उदासीन करण्यासाठी लागणारे अम्लाचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्या अम्लाचा उदासिनीकरण सममूल्यभार होय. अम्लात एकच कार्बॉक्सिल गट असेल तर हा आकडा रेणुभाराइतका येतो. दोन गट असतील तर त्याच्या निम्मा येतो, म्हणून १६६ रेणुभाराचे थॅलिक अम्ल ८३ हा आकडा देते.

समजा, एका पांढऱ्या स्फटिकी अम्लाचे ०.२०४० ग्रॅम वजन घेऊन ते आधीच उदासीन केलेल्या कोमट अल्कोहोलात विरघळवले आणि फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडले, तेव्हा १५.० मिलि. लागले. १५.० ला ०.१ ने गुणले की अल्कलीचे १.५ मिलिसममूल्य येतात, आणि २०४.० मिलिग्रॅमला १.५ ने भागले की १३६ मिळतात. ब्युरेटच्या वाचनात ०.१ मिलि.ची चूक झाली तर उत्तर जवळजवळ एका एककाने सरकते. नमुना ओला असेल तर मात्र चूक मोठी असते, कारण पाच टक्के ओलाव्याने हाच आकडा १४३ होतो.

अम्लात एकच कार्बॉक्सिल गट धरून १३६ मधून त्याचे ४५ वजा केले की ९१ उरतात, म्हणजे बेंझीन वलय आणि एक कार्बन. अशी चार अम्ले आहेत : ७६° से.ला वितळणारे फिनिलॲसिटिक आणि तीन टोल्युइक अम्ले, ज्यांत ऑर्थो १०४°, मेटा १११° आणि पॅरा १८०° से.ला वितळते. आपला नमुना १०२–१०६° से. दरम्यान वितळला, तर तो शुद्ध ऑर्थो नसून थोडा अशुद्ध मेटाही असू शकतो, कारण अशुद्धीमुळे वितळबिंदू खाली येतो आणि त्याचा पल्ला रुंदावतो.

इथे अनुजाताची, म्हणजे ओळख पटवण्यासाठी अम्लापासून बनवलेल्या दुसऱ्या स्फटिकी संयुगाची, निवड निर्णायक ठरते. ॲनिलाइड करून काहीच हाती लागत नाही, कारण ऑर्थोचे ॲनिलाइड १२५° आणि मेटाचे १२६° से.ला वितळते, अमाइडे मात्र सुमारे १४२° आणि ९५° से. अशी स्पष्ट वेगळी आहेत.

अमाइडासाठी अर्धा ग्रॅम कोरडे अम्ल दोन मिलि. थायोनिल क्लोराइडाबरोबर, वायुनिष्कासन कपाटात, अर्धा तास पश्चवाहाखाली उकळतात आणि गार झालेला द्रव बर्फात ठेवलेल्या तीव्र अमोनियात थेंबाथेंबाने सोडतात. उपकरणात ओलावा राहिला तर अम्ल क्लोराइडाचे पुन्हा अम्ल होते, आणि त्याचे अमोनियम लवण पाण्यात विरघळून जात असल्याने गाळणपत्रावर फारच थोडा साका उरतो. हा साका सौम्य सोडियम बायकार्बोनेटाने धुवून, सौम्य अल्कोहोलातून पुन्हा स्फटिकरूप करून नीट वाळवावा. नुसते उकळते पाणी वापरले तर मेटाचे अमाइड आपल्या वितळबिंदूच्या वर असल्यामुळे तेलासारखे वेगळे होते आणि अशुद्धी सोबत घेऊन गोठते.

वाळलेले स्फटिक १४१–१४२° से.ला वितळले, तर अम्ल ऑर्थो-टोल्युइक आहे. ९५° से.च्या आसपास वितळणारा पदार्थ मिळाला तर मात्र तो न बदललेले अशुद्ध अम्ल नाही ना, हे आधी पाहावे लागते : अम्ल बायकार्बोनेटात बुडबुडे काढत विरघळते, अमाइड विरघळत नाही, आणि सोडियम हायड्रॉक्साइडाबरोबर उकळल्यावर अमोनिया सोडते.