सर्व्हिस घेणाऱ्या हातांचा कोन

व्हॉलीबॉल शिकणाऱ्या मुलांना मैदानाबाहेरून एक सल्ला हमखास मिळतो: "सर्व्हिस जोरात आली की हातही जोरात उचल." मी तो इतक्या वेळा ऐकला आहे की आता राहवत नाही. हा सल्ला चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे ते शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राने दाखवता येतं.

एक सर्व्हिस घेऊ. चेंडू 270 ग्रॅमचा आहे (नियमाप्रमाणे तो 260 ते 280 ग्रॅमचा असतो). हातांपर्यंत पोचताना त्याचा वेग ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर आहे. तो 20 अंशांनी खाली झुकत येतोय. घेणारी खेळाडू जाळ्यापासून साडेसहा मीटरवर आहे आणि जिच्याकडे हा पहिला पास द्यायचा ती सेटर जाळ्यापासून एक मीटरवर. पास साडेपाच मीटर लांब जायला हवा, आणि सेटरला चेंडूखाली जाऊन उभं राहायला वेळ मिळेल इतका उंचही. हातांची उंची 70 सेंटिमीटर धरू. तिथून चेंडू 60 अंशांच्या चढाने निघाला आणि सेटरने तो 2.4 मीटरवर घेतला, तर निघताना त्याला किती वेग लागेल? गणित केलं तर सेकंदाला साधारण 8.7 मीटर येतं. हवेचा विरोध मी सोडून दिला आहे.

आलेल्या चेंडूत 54 ज्यूल ऊर्जा होती, जाणाऱ्या चेंडूला जेमतेम 10 ज्यूल पुरतात. पाचातले चार भाग हातांनी जिरवायचे आहेत! अशा वेळी हात वर झोकले तर नको असलेल्या ऊर्जेत आणखी भर पडते आणि चेंडू सरळ जाळ्यापलीकडे जातो. संथ, लोंबत आलेल्या सर्व्हिसला पाय आणि खांद्यांतून थोडा जोर द्यावा लागतो, हे खरं. पण तो सल्ला वेगवान सर्व्हिसबद्दल असतो.

वेग कमी करणं हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग दिशेचा आहे, आणि मला सगळ्यात जास्त आवडतो तो हाच.

कोपरं सरळ, मनगटं खाली दाबलेली आणि दोन्ही अंगठे शेजारी ठेवले की मनगट आणि कोपर यांच्यामधल्या मांसल भागाचा एक सपाट पृष्ठभाग तयार होतो. याला प्लॅटफॉर्म म्हणतात. चेंडू मनगटाच्या थोडा वर पडायला हवा. हा प्लॅटफॉर्म आरशासारखा वागतो असं धरलं तर पृष्ठभागाला लंब असलेली रेषा येणाऱ्या आणि जाणाऱ्या दिशांच्या बरोबर मध्ये हवी. चेंडू आला ती दिशा जमिनीपासून 20 अंश वर आहे, जायचं आहे 60 अंशांवर. मधली दिशा 40 अंश. म्हणजे हात जमिनीशी 50 अंशांनी उतरते हवेत.

पण हात हा चांगला आरसा नाही. प्लॅटफॉर्मवर सरळ आदळणारा वेगाचा भाग बराचसा जिरतो, पृष्ठभागाला समांतर असलेला भाग मात्र पुष्कळसा तसाच राहतो. आदळणाऱ्या भागापैकी 40 टक्के परत मिळतो आणि समांतर भाग पूर्ण टिकतो असं धरून मी पुन्हा हिशेब केला. उत्तर 58 अंशांच्या आसपास आलं. आरशाचा नियम सांगतो त्यापेक्षा हात आठेक अंशांनी अधिक खाली, जास्त उभे. आणि या कोनातून सुटणाऱ्या चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे 8.9 मीटर येतो, म्हणजे हवा होता जवळजवळ तितकाच. हात हलवायची गरजच उरली नाही.

आता हात झोकणाऱ्या खेळाडूकडे पाहू. समजा, तिचे हात 0.3 सेकंदात 60 अंश वर येतात. म्हणजे सेकंदाला 200 अंश. चेंडू भेटण्याची वेळ 0.03 सेकंदाने चुकली, तर स्पर्शाच्या क्षणी कोन 6 अंशांनी चुकलेला असतो. साध्या आरशातसुद्धा पृष्ठभाग 6 अंश फिरला की परतणारी दिशा 12 अंश फिरते, आणि मऊ हातांवर त्याहूनही जास्त. हात स्थिर असतील तर तीच 0.03 सेकंदांची चूक कोनाला शिवतही नाही. स्थिर प्लॅटफॉर्मचं खरं बळ हेच आहे.

मग पायांचं काम काय? हा चेंडू हातांपर्यंत यायला साधारण 0.65 सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहून शरीर हलायला लागेपर्यंत त्यातले 0.2 सेकंद जातात. उरलेल्या वेळात एक-दोन छोटी पावलं होतात, जास्त नाहीत. म्हणून अनुभवी खेळाडू सर्व्हिस मारली जाण्याच्या क्षणी जागच्या जागी हलकी उडी घेतात, म्हणजे पाय कुठल्याही बाजूला सुटायला तयार असतात. पावलं संपेपर्यंत हात जोडायचे नाहीत. जोडलेल्या हातांनी धावता येत नाही.

पाऊल उशिरा पडलं की चेंडू अंगाजवळ येतो, कोपरं पोटाशी येतात आणि हात सपाट होतात. आपल्याच उदाहरणात 58 च्या जागी 30 अंश घाला. चेंडू उभ्या रेषेच्याही मागे झुकतो आणि डोक्यावरून पाठीमागे जातो. मैदानात हे दृश्य रोज दिसतं आणि त्याला "हात कच्चे आहेत" म्हणतात. चूक पायांची असते.

पोचताच आलं नाही आणि चेंडू उजवीकडून निघाला, तर उजवा खांदा उचलून डावा खाली घ्यायचा, म्हणजे बाजूला गेलेला प्लॅटफॉर्मही सेटरकडे तोंड करून राहतो. यात 5 अंशांची आडवी चूक झाली तर आरशाच्या नियमाने दिशा 10 अंश फिरते. साडेपाच मीटरवर ते जवळजवळ एक मीटर होतं, आणि चेंडू उंच चढत जात असल्याने प्रत्यक्ष चूक याहून मोठी पडते. म्हणून शक्य तेव्हा चेंडू दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घ्यावा.

जोरदार जंप सर्व्हिसमध्ये आणखी एक भानगड असते: टॉपस्पिन. चेंडूचा वरचा भाग पुढे फिरत असतो, त्यामुळे हातांना टेकणारी त्याची बाजू खाली, बोटांच्या दिशेने घासते. घर्षण त्याच्या उलट, खांद्यांच्या दिशेने ढकलतं. फिरकी पुरेशी असेल तर चेंडू हातांवरून वर चढतो आणि ठरवल्यापेक्षा उभा, अंगाकडे येतो. उपाय तोच: हात आणखी थोडे खाली, प्लॅटफॉर्मचं तोंड आणखी थोडं जाळ्याकडे.

मनगटावर बांधायचे चुंबकीय पट्टे 'नियंत्रण वाढवतात' म्हणून विकले जातात. वर मांडलेल्या हिशेबात चुंबकाला शिरायला कुठेच जागा नाही. कापडी स्लीव्हने हातांची जळजळ कमी होते, तेवढा फायदा खरा आहे.

कोन नीट होता का, हे सराव संपल्यावर हातच सांगतात. दोन्ही हातांवर मनगटाच्या जरा वर सारखी लाली असेल तर पृष्ठभाग सपाट होता. एकाच हातावर गडद डाग असेल तर दुसरा हात खाली राहत होता. अंगठ्याच्या बुडाशी लाली म्हणजे चेंडूपाशी पोचायला उशीर होऊन हात ताणावे लागले होते. आणि लाली कोपराजवळ असेल तर चेंडू अंगावर आला होता, म्हणजे पहिलं पाऊल मागे टाकायला हवं होतं.