उकळत्या पाण्यातील तापलेली तार: नुकियामा ते झुबेर

जपानमधील सेंदाई येथे शिरो नुकियामा यांनी 1934 साली पाण्यात बुडवलेल्या बारीक तारेतून वीज सोडून उकळण्याचा जो आलेख मिळवला, त्यावर आजची पूल बॉयलिंगची, म्हणजे स्थिर द्रवात बुडालेल्या पृष्ठभागावरील उकळण्याची, सर्व चर्चा उभी आहे. वीज आणि तारेचा पृष्ठभाग यांवरून उष्णताप्रवाह मिळे आणि तारेच्या विद्युतरोधावरून तिचे तापमान कळे. म्हणजे तारच हीटर आणि तारच तापमापक.

तार पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे 5 अंशांनी तापेपर्यंत फक्त नैसर्गिक अभिसरण चालते. त्यापुढे बुडबुडे सुटू लागतात आणि 30 अंशांच्या आसपास उष्णताप्रवाह कमाल मूल्याला पोहोचतो; हाच क्रिटिकल हीट फ्लक्स. येथे वीज किंचित वाढवली, की बाष्पाचा थर तारेला वेढतो, पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि तार क्षणात लालबुंद होते. नुकियामांची नायक्रोम तार या उडीत वितळली. प्लॅटिनमचा वितळणबिंदू जास्त असल्याने ती तार टिकली. नंतर वीज कमी करत गेल्यावर ती आल्या वाटेने परतली नाही. बाष्पथर बऱ्याच कमी प्रवाहापर्यंत टिकून राहिला आणि मग तापमान एकदम खाली कोसळले.

या दोन उड्यांमधला उतरता भाग, म्हणजे संक्रमण उत्कलन, त्यांना दिसणे शक्यच नव्हते, कारण त्यांच्या हाती वीज होती, तापमान नव्हते. 1937 साली ड्र्यू आणि म्युलर यांनी तापमान हाती ठेवून तो भाग दाखवला.

कमाल मूल्याचे गणित 1948 साली कुताटेलाड्झे यांनी मितीय विश्लेषणातून मांडले; दशकभराने झुबेर यांनी वर जाणारे बाष्पाचे झोत अस्थिर होण्याच्या कल्पनेतून तेच रूप काढले:

q = 0.131 · h_fg · ρ_v · [σ g (ρ_l − ρ_v) / ρ_v²]^(1/4)

100 अंशांच्या पाण्यासाठी बाष्पीभवनाची सुप्त उष्णता h_fg = 2257 kJ/kg, बाष्पाची घनता ρ_v = 0.596 kg/m³, पाण्याची घनता ρ_l = 958 kg/m³ आणि पृष्ठताण σ = 0.0589 N/m घेतल्यास कमाल उष्णताप्रवाह q सुमारे 1.11 MW/m² येतो. पण हे सपाट, मोठ्या पृष्ठभागाचे सूत्र आहे. तारेला ते जसेच्या तसे लावणे ही नेहमीची चूक. 1 मिमी व्यासाच्या आडव्या तारेची त्रिज्या पृष्ठताण आणि गुरुत्व यांच्या तोलातून येणाऱ्या 2.5 मिमी या केशिक लांबीने भागल्यावर R′ = 0.2 मिळतो आणि लीनहार्ड-धीर यांचा गुणक 0.94 · R′^(−1/4), म्हणजे 1.41, लागतो. मर्यादा 1.56 MW/m² होते. 10 सेंमी लांबीच्या तारेचा पृष्ठभाग 3.14 चौ. सेंमी असल्याने तिला सुमारे 490 वॉट पेलतात. नायक्रोमचा रोध 0.14 ओहम धरला, तर सुमारे 59 अँपिअर.

हा गुणक R′ 0.15 ते 1.2 असतानाच चालतो. पाण्यात पाऊण मिमीहून बारीक तारेला झोतांचे हे चित्रच लागू पडत नाही, आणि अतिशय बारीक तारेच्या आलेखात तर कमाल बिंदूच दिसेनासा होतो.