पगारावरील स्लॅबनिहाय आयकराचे लुकअप सूत्र

पगारावरचा आयकर स्प्रेडशीटमध्ये काढताना स्लॅबचे आकडे सूत्रात न कोंबता वेगळ्या तक्त्यात ठेवायचे आणि पगार ज्या ओळीत बसतो ती ओळ शोधून तिच्यावरून कर काढायचा, अशी ही पद्धत आहे. इथली मांडणी भारतातील नव्या करप्रणालीच्या आर्थिक वर्ष 2025-26 च्या दरांवर केली आहे.

हेच काम एकात एक `IF` घालूनही होते. एक्सेल 2003 पर्यंत अशा सात पातळ्याच चालत, 2007 पासून चौसष्ट चालतात. त्यामुळे आज अडचण मर्यादेची नाही. अडचण अशी की सात स्लॅबच्या सूत्रात सीमा, दर आणि मागच्या स्लॅबचा कर मिळून वीसच्या आसपास आकडे दडून बसतात. अर्थसंकल्पात दर बदलले की ते एकेक करून शोधावे लागतात आणि त्यातला एक राहिला तर चूक डोळ्यांना दिसत नाही.

तक्ता

तक्त्याला तीन स्तंभ लागतात: स्लॅबची खालची सीमा, त्या सीमेपर्यंत साचलेला कर आणि त्या सीमेच्या वरच्या रकमेला लागणारा दर. पहिली ओळ शीर्षकांची धरून आकडे D2 पासून F8 पर्यंत येतात.

| D: खालची सीमा | E: साचलेला कर | F: दर |
|---|---|---|
| 0 | 0 | 0% |
| 400000 | 0 | 5% |
| 800000 | 20000 | 10% |
| 1200000 | 60000 | 15% |
| 1600000 | 120000 | 20% |
| 2000000 | 200000 | 25% |
| 2400000 | 300000 | 30% |

मधला स्तंभ हाताने भरू नये. E2 मध्ये 0 लिहावा, E3 मध्ये पुढचे सूत्र घालून ते E8 पर्यंत ओढावे.

```
=E2+(D3-D2)*F2
```

म्हणजे पुढच्या वर्षी फक्त सीमा आणि दर बदलायचे; साचलेला कर आपोआप जुळतो.

सूत्र

B1 मध्ये वर्षाचा एकूण पगार लिहावा. B2 मध्ये त्यातून 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाते आणि करपात्र उत्पन्न दहाच्या पटीत येते. B3 तक्त्यातली ओळ शोधतो, B4 स्लॅबप्रमाणे कर काढतो.

```
B2: =ROUND(MAX(0,B1-75000),-1)
B3: =MATCH(B2,$D$2:$D$8,1)
B4: =INDEX($E$2:$E$8,B3)+(B2-INDEX($D$2:$D$8,B3))*INDEX($F$2:$F$8,B3)
```

`MATCH` मधला शेवटचा 1 हा या पद्धतीचा कणा आहे. तो ‘दिलेल्या रकमेइतकी किंवा तिच्याहून लहान अशी सर्वांत मोठी सीमा’ शोधायला सांगतो. तिथे 0 लिहिले तर तंतोतंत जुळणी मागितली जाते आणि उत्पन्न नेमके एखाद्या सीमेवर नसेल तर `#N/A` येते. `VLOOKUP` वापरूनही हेच साधते, पण त्यात स्तंभाचा क्रमांक आकड्याने लिहिलेला असतो. तक्त्यात मध्येच स्तंभ घातला की तो चुकीच्या जागी बोट दाखवतो. म्हणून `INDEX` बरे.

एकूण पगार 18,50,000 रुपये धरू. वजावटीनंतर 17,75,000 उरतात. `MATCH` पाचवी ओळ देतो, म्हणजे 16,00,000 ची. तिथवर साचलेला कर 1,20,000, वरच्या 1,75,000 वर 20 टक्क्यांनी 35,000, बेरीज 1,55,000. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे सापडलेल्या दराने सगळ्या उत्पन्नाला गुणणे: तसे केल्यास 3,55,000 येतात, दुपटीहूनही जास्त.

बारा लाखांची सूट

निवासी व्यक्तीचे करपात्र उत्पन्न 12,00,000 पर्यंत असेल तर कलम 87A खाली 60,000 पर्यंतचा पूर्ण कर माफ होतो. त्याच्या थोडे वर गेल्यास सीमांत सवलत लागते: कर बारा लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. या दोन्ही नियमांना मिळून एकही `IF` लागत नाही.

```
B5: =MIN(B4,MAX(0,B2-1200000))
B6: =ROUND(B5*1.04,-1)
```

उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर `MAX` शून्य देतो, म्हणून करही शून्य. पगार 13,00,000 असल्यास करपात्र उत्पन्न 12,25,000 आणि स्लॅबचा कर 63,750 होतो, पण बारा लाखांवर रक्कम फक्त 25,000 आहे. म्हणून कर 25,000 आणि 4 टक्के उपकर धरून 26,000. ही सवलत करपात्र उत्पन्न साधारण 12,70,590 होईपर्यंत टिकते, पुढे स्लॅबचा करच लहान ठरतो. वरच्या 18,50,000 च्या पगारावर त्यामुळे 1,55,000 तसेच राहतात आणि उपकरासह 1,61,200 भरावे लागतात.

जुन्या करप्रणालीसाठी B5 ची ही ओळ उचलू नये. तिथे पाच लाखांची सूट आहे, पण सीमांत सवलत नाही. दहा रुपयांनी जरी सीमा ओलांडली तरी पूर्ण कर लागतो. तिथे एक साधा `IF` हवाच.

कुठे बिघडते

सरकारी तक्त्यात स्लॅब ‘4,00,001 ते 8,00,000’ असे छापलेले असतात, म्हणून अनेकजण D स्तंभात 400001 लिहितात. मग प्रत्येक स्लॅबमधला पहिला रुपया आधीच्या, कमी दराने मोजला जातो. वरच्या उदाहरणात B4 मध्ये 1,55,000 ऐवजी 1,54,999.80 येतात. B6 मधल्या दहाच्या पटीमुळे ही चूक शेवटी झाकली जाते, म्हणून ती B4 मध्येच पाहावी. पूर्ण लाखांच्या सीमा लिहिल्या की सीमेवरचा प्रश्नच उरत नाही: 12,00,000 उत्पन्न वरच्या ओळीने मोजा किंवा खालच्या, स्लॅबचा कर 60,000 च येतो.

सीमा चढत्या क्रमाने नसतील तर `MATCH` काही वेळा चूक न दाखवता भलतीच ओळ देतो. वेबपानावरून चिकटवलेले आकडे मजकूर म्हणून बसले असतील तरी शोध फसतो. असे आकडे चौकटीत डावीकडे चिकटून दिसतात आणि `=ISNUMBER(D3)` त्यांना `FALSE` म्हणतो. शून्याची पहिली ओळ गाळली तर चार लाखांखालच्या प्रत्येक करपात्र उत्पन्नाला `#N/A` येते.

पडताळणीसाठी 2025-26 च्या दरांची एक सोय आहे. प्रत्येक पायरीला दर बरोबर 5 टक्क्यांनी वाढतो, म्हणून प्रत्येक सीमेच्या वर गेलेल्या रकमांच्या बेरजेचे 5 टक्के म्हणजेच स्लॅबचा कर.

```
=SUMPRODUCT((B2>D3:D8)*(B2-D3:D8))*5%
```

17,75,000 साठी ही बेरीज 13.75, 9.75, 5.75 आणि 1.75 लाख, म्हणजे 31 लाख. तिचे 5 टक्के 1,55,000. हे उत्तर B4 शी जुळले नाही तर साचलेल्या कराचा स्तंभ आधी तपासावा.

मर्यादा

करपात्र उत्पन्न 50 लाखांवर गेले की अधिभार आणि त्याची वेगळी सीमांत सवलत लागते. ती या सूत्रात नाही. शेअर विक्रीचा नफा वेगळ्या दराने मोजला जातो, त्यामुळे तो B1 मध्ये मिसळू नये.

महाराष्ट्राचा व्यवसाय कर दिसायला स्लॅबचाच आहे, पण त्याची जात वेगळी. पुरुष कर्मचाऱ्याला महिना 7,500 पर्यंत काही नाही, 10,000 पर्यंत 175 रुपये आणि त्यावर 200 (फेब्रुवारीत 300) अशी ठोक रक्कम आहे. तिथे साचलेला कर नको, शोधलेली रक्कम तशीच घ्यायची. मात्र तिथे सीमा 7501 आणि 10001 अशाच लिहाव्या लागतात, कारण नेमक्या 10,000 पगाराला 175 लागतात, 200 नव्हेत.