दीड हजार खात्यात आले, पण घरात शब्द चालतो का?

महाराष्ट्रात ऑगस्ट 2024 पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत पात्र स्त्रियांच्या आधारशी जोडलेल्या खात्यात महिन्याला 1,500 रुपये जमा होऊ लागले. या पैशाने घरातली त्यांची सत्ता वाढली का, हे छोट्या मूल्यमापनात तपासताना पहिली अडचण तुलनेची येते. लाभ घेणारी आणि न घेणारी यांची थेट तुलना चालत नाही, कारण ज्यांनी अर्ज केलाच नाही त्यांची घरं मुळातच वेगळी असू शकतात.

मग वयाची मर्यादा हाताशी येते. 64 आणि 66 वर्षांच्या बायकांत एरवी फारसा फरक नसतो, पण पासष्टीनंतर लाभ थांबतो. मात्र याच वयापासून श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन सुरू होतं आणि तेही 1,500 रुपयेच. म्हणजे सर्वांत गरीब घरांत रेषेच्या दोन्ही बाजूंना तेवढेच पैसे येतात, आणि परिणाम शून्य दिसला तर दोष योजनेचा नसून तुलनेचा असतो. त्यातच आधारवर 1 जानेवारी ही अंदाजे जन्मतारीख असलेले पुष्कळजण असतात. वयाचा आलेख आधी काढावा; त्या तारखेला उंच सुळका दिसला, तर ती माणसं वगळूनही निकाल टिकतो का ते पाहावं.

दुसरी अडचण मोजमापाची, आणि माझ्या मते तीच जास्त अवघड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारतात तसं ‘मोठ्या खरेदीचा निर्णय कोण घेतं?’ असं विचारलं की बऱ्याचदा ‘दोघं मिळून’ असं उत्तर येतं. या ‘दोघं’मध्ये बरोबरीची चर्चा असेल किंवा नवऱ्याने ठरवून नुसतं कानावर घातलेलं असेल.

यावरचा तोडगा उत्तर मॅसिडोनिया या युरोपातल्या देशातल्या एका अभ्यासात सापडतो. तिथे मुलांच्या माध्यमिक शिक्षणासाठीचं अनुदान काही नगरपालिकांत आईला, तर काहींत कुटुंबप्रमुखाला दिलं गेलं, आणि कुठे कोणाला हे सोडतीने ठरलं. नंतर बायकांना खऱ्या पैशांचे पर्याय दिले. आपल्याकडे ते असे मांडता येतील: नवऱ्याला 500, की तुम्हाला 500? नवऱ्याला 500, की तुम्हाला 450? मग 400, मग 350. 400 पर्यंत ती ‘मला’ म्हणाली आणि 350 ला ‘त्यांना’ म्हणाली, तर पैसे स्वतःच्या हाती यावेत म्हणून घराचे 100 रुपये सोडायला ती तयार आहे. जिचा घरात शब्द चालतो तिला पैसे कोणाच्या हातात आले याने फरक पडत नाही, म्हणून ती काही सोडत नाही. मॅसिडोनियात अनुदान आईला मिळालेल्या ठिकाणी बायका कमी रक्कम सोडायला तयार होत्या.

प्रश्न एकांतात विचारावेत, आणि शेवटी एक चिठ्ठी काढून त्या पर्यायाचे पैसे खरोखर द्यावेत. नाहीतर उत्तर शोभेचं मिळतं. तरीही शून्य आकडा नीट वाचावा लागतो. खात्यातले पैसे सगळे नवऱ्याच्या हाती द्यावेच लागतात अशी बाईही काही सोडणार नाही, कारण सोडून तिला काहीच मिळणार नाही. म्हणून सोबत दोन साधे प्रश्न हवेत: मागच्या हप्त्याचे पैसे बँकेतून कोणी काढले, आणि त्या संध्याकाळी ते कोणाजवळ होते?