पांढरा कुर्ता डाळिंबी करायचा, तर

सांगलीच्या कापड पेठेत कुर्त्याचं एकच डिझाइन सात-आठ रंगांत मिळतं. प्रत्येक रंग मॉडेलला घालून फोटो काढायचे तर दिवस मोडतो आणि खर्चही वाढतो. म्हणून एकाच रंगात फोटो काढायचे आणि बाकीचे रंग कॉम्प्युटरवर करून घ्यायचे, हा सोपा मार्ग. दुकानदार कापडाचा तुकडा हातात देतो आणि म्हणतो, "हाच डाळिंबी पाहिजे बघा. रंग वेगळा आला म्हणून गिऱ्हाईक पार्सल परत पाठवतंय." कुर्त्याला लालसर करणं दोन मिनिटांचं काम आहे. त्या तुकड्यातलाच डाळिंबी उतरवणं मात्र प्रकाशाचं गणित कळल्याशिवाय जमत नाही.

नवशिक्याचा पहिला प्रयत्न बहुतेक ठरलेला असतो. फोटोशॉपमध्ये फोटोतला ऑफ-व्हाइट कुर्ता सिलेक्ट करायचा, वर डाळिंबी रंगाचा लेयर टाकायचा आणि तो खालच्या फोटोत कसा मिसळेल हे ठरवणारा मोड Color ठेवायचा. कुर्ता फिकट गुलाबी होतो. मग तो सॅच्युरेशन वाढवतो आणि गुलाबीचा भडक राणी होतो, डाळिंबी काही येत नाही. कारण Color हा मोड वरच्या लेयरमधून फक्त रंगाची जात आणि तिचा तीव्रपणा घेतो. उजळपणा खालच्या फोटोतलाच ठेवतो. ऑफ-व्हाइट कापड उजळ, डाळिंबी गडद. पांढऱ्याइतक्या उजेडात डाळिंबीची जात बसवली की गुलाबीच मिळणार. गडदपणा हाही शेडचाच भाग आहे, आणि तोच इथे हरवतो.

फोटोतल्या कापडाच्या प्रत्येक बिंदूत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: तिथे किती प्रकाश पोहोचला आणि त्यातला किती कापडाने परत पाठवला. पहिली गोष्ट खिडकी, दिवा, चुण्या आणि अंगाची वळणं यांवर ठरते. दुसरी रंगाऱ्याने घातलेल्या रंगावर. बिंदूची चमक हा या दोन्हींचा गुणाकार. पांढरं कापड जवळजवळ सगळाच प्रकाश परत पाठवतं, त्यामुळे पांढऱ्या कुर्त्याचा फोटो म्हणजे कुर्त्यावर पडलेल्या प्रकाशाचा नकाशाच म्हणा ना. त्या नकाशाला डाळिंबीने गुणायचं. Multiply हा मोड हेच करतो. फोटोवर रंगीत काच ठेवल्यासारखं आहे हे: सावली अधिक गडद होते आणि पांढऱ्या जागी काचेचा रंग दिसतो.

आता गुणायचं कशाने? त्यासाठी तुकडा मोजावा लागतो, आणि निम्मा घोळ इथेच होतो. दुकानदार ट्यूबलाइटखाली तुकड्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकतो. पूर्ण चौकटीत एकच गडद रंग भरला की फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स त्या लालीला दिव्याचा दोष समजतो आणि ती कमी करायला बघतो. पुढे फोन स्वतःच्या आवडीने रंग खुलवतो ते वेगळंच. अशा फोटोवरून शेड काढण्यात अर्थ नाही. तुकडा मागवून घ्यावा, आणि तो विकायच्या ताक्यातलाच असावा, कारण रंगाईचा लॉट बदलला की शेडही थोडी सरकते.

तुकड्याची चौपदरी घडी घालावी, म्हणजे खालच्या टेबलाचा रंग आरपार येत नाही. तो दाराशी, सावलीत, आभाळाच्या उजेडात ठेवावा. ढगाळ दिवस असेल तर उत्तमच. शेजारी ग्रे कार्ड ठेवावं. हे करड्या रंगाचं कार्ड पडलेल्या प्रकाशातला १८ टक्के परत पाठवतं, आणि लाल, हिरवा, निळा तिन्ही सारख्याच प्रमाणात. फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, रंग न खुलवणाऱ्या साध्या प्रोफाइलवर घ्यावा. मग व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर असं लावायचं की ० ते २५५ या मोजपट्टीवर कार्डाचे तिन्ही आकडे ११८ येतील. sRGB या साध्या स्क्रीनच्या रंगपद्धतीत आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, आणि १८ टक्के परावर्तनाचा तिच्यातला आकडा हाच. कार्ड ११८ वर बसलं की शेजारच्या तुकड्याचे आकडे विश्वासाचे झाले.

रंगाचे आकडे वाचणारा आयड्रॉपर मात्र एका पिक्सेलवर टेकवू नये. कापड जवळून पाहिलं तर धाग्याची उजळ पाठ आणि दोन धाग्यांमधली काळी फट असं दोन्ही दिसतं. आयड्रॉपरची सेटिंग 31 by 31 Average किंवा त्याहून मोठी ठेवली की डोळा लांबून जी सरासरी बघतो, ती मिळते. समजा आपल्या तुकड्याची सरासरी लाल १५०, हिरवा ३०, निळा ५२ आली.

हेच आकडे लेयरमध्ये भरून Multiply केलं तरी शेड थोडी चुकते, कारण कुर्ता पांढरा नाही, ऑफ-व्हाइट आहे. छातीवर चुणी नसलेली, प्रकाशाकडे तोंड केलेली सपाट जागा शोधायची. तिथे आकडे २३८, २३२, २१४ आहेत असं धरू. गुणाकार होताना प्रत्येक आकडा २५५ ने भागलेला असतो, म्हणजे लाल १५० × २३८ ÷ २५५ = १४०. तसाच हिरवा २७ आणि निळा ४४ येतो. प्रमाणाने निळा सर्वांत जास्त घटला, त्यामुळे डाळिंबी विटकरीकडे झुकला आणि थोडा काळवंडलाही. यावर उपाय उलट भागाकाराचा. १५० × २५५ ÷ २३८ = १६१, ३० × २५५ ÷ २३२ = ३३, ५२ × २५५ ÷ २१४ = ६२. लेयरमध्ये १६१, ३३, ६२ भरले की छातीवरच्या त्या जागी बरोबर १५०, ३०, ५२ उमटतं. बाकी कुर्ता आपापल्या उजेडाप्रमाणे त्याच्या खाली-वर राहतो, आणि तसंच राहायला हवं. संपूर्ण कुर्ता एकाच आकड्यावर आणला तर तो अंगावर घातलेला न वाटता पुठ्ठ्यातून कापून चिकटवलेला वाटतो.

या हिशेबात एक गृहीत लपलेलं आहे. २३८, २३२, २१४ मधली पिवळी झाक कापडाची आहे असं आपण धरलं. ती संध्याकाळच्या उन्हाची असेल तर? कापडाची झाक काढून टाकायची असते, उन्हाची ठेवायची असते. कारण त्याच उन्हात मॉडेलचा चेहरा आणि मागची भिंतही उभी आहे. उन्हाची झाकही भागून टाकली तर चेहरा सोनेरी आणि कुर्ता दुपारचा, असं विचित्र चित्र तयार होतं. नुसत्या कुर्त्याकडे बघून हे दोन पिवळे वेगळे करता येत नाहीत. म्हणून मॉडेलच्या हातातही एका फोटोपुरतं ग्रे कार्ड द्यावं. कार्डावर जी झाक दिसेल ती प्रकाशाची, कुर्त्यावर त्याहून जास्त दिसेल तेवढीच कापडाची. कॅटलॉगचा फोटो असेल तर मी सरळ कार्डावरून प्रकाश तटस्थ करून घेतो आणि मगच वरचा हिशेब लावतो.

एवढं झालं की आकडे जुळतात, तरी जाणकार बाई फोटो बघून म्हणते, "हे कापड प्लॅस्टिकसारखं दिसतंय." ती बरोबर असते. चूक चुण्यांमध्ये असते. चुणीत शिरलेला प्रकाश एका बाजूवर आपटून दुसऱ्या बाजूवर जातो. पांढरं कापड दर आपटीला बहुतेक प्रकाश परत देतं, त्यामुळे पांढऱ्या कुर्त्याच्या चुण्या आतून उजळलेल्या असतात. आपला डाळिंबी लाल प्रकाशातला सुमारे ३० टक्के परत देतो, निळ्यातला ३ टक्के आणि हिरव्यातला जेमतेम १ टक्का. दोनदा आपटल्यावर लाल ९ टक्क्यांवर येतो आणि हिरवा-निळा जवळपास संपतो. म्हणजे खऱ्या डाळिंबी कुर्त्याच्या चुण्या जास्त खोल आणि जास्त शुद्ध लाल असतात. आपण मात्र पांढऱ्या कुर्त्याच्या उजळ चुण्यांनाच रंग दिलेला असतो. तेव्हा त्याच रंगाचा दुसरा Multiply लेयर फक्त सावलीपुरता मास्क करून हलक्या ऑपॅसिटीने टाकावा. मी १५ ते २५ टक्क्यांच्या आसपास थांबतो. त्यापुढे चुण्या शाईने रेघोट्या मारल्यासारख्या दिसू लागतात. हनुवटीखाली पांढऱ्या कुर्त्याने टाकलेला उजेडही थोडा कमी करून लालसर करावा लागतो.

सुती कापडाचं काम इथे संपतं. रेशमी किंवा सॅटिनचं कापड असेल तर तकाकी उरते. ती धाग्याच्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशाची असते. तो प्रकाश आतल्या रंगापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून डाळिंबी सॅटिनवरही चमक जवळपास पांढरी दिसते. Multiply मात्र तिलाही डाळिंबी करून टाकतो आणि रेशीम सुती वाटायला लागतं. मूळ फोटोतले फक्त सर्वांत उजळ भाग वेगळे काढून सगळ्यांत वर, खालचं उजळ करणाऱ्या Screen मोडमध्ये ठेवले की तकाकी परत येते.

शेड जुळली का, हे शेवटी कसं ठरवायचं? डोळ्याचा भरवसा थोडाच धरावा: हिरव्या झाडीसमोर तोच डाळिंबी अधिक लाल दिसतो आणि केशरी भिंतीसमोर जांभळट. आधी मापाने बघावं. दोन रंगांतलं अंतर मोजणारा ΔE नावाचा आकडा आहे. त्याचं सध्या वापरात असलेलं CIEDE2000 हे सूत्र दोन्ही रंगांचे Lab आकडे, म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या फरकावर बेतलेले आकडे, घेऊन अंतर सांगतं. ते साधारण १ च्या आत असेल तर शेजारी ठेवूनही फरक सहसा कळत नाही. विक्रीच्या फोटोत मी २ पर्यंत चालवून घेतो. तुकडा स्क्रीनला लावून बघायचा असेल तर स्क्रीन कॅलिब्रेट केलेला हवा, आणि तुकड्यावर पडणारा उजेडही दिवसाचाच हवा. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, हे पेठेत कुणालाही माहीत असतं. रंगद्रव्यं वेगळी असली की एका प्रकाशातली जुळणी दुसऱ्या प्रकाशात टिकेलच असं नाही.

तुकड्याऐवजी कंपनीचा ठरलेला रंग असेल, समजा गणवेशाच्या टी-शर्टसाठी, तर मोजणी वाचते, कारण आकडे कंपनीच देते. फक्त ते कशाचे आहेत ते विचारावं. पँटोन या रंगांच्या कॅटलॉगमधल्या क्रमांकापुढे C असेल तर तो गुळगुळीत कागदावरच्या शाईचा, TCX असेल तर सुती कापडाचा. शाईच्या क्रमांकाने रंगवलेला टी-शर्ट खऱ्या टी-शर्टशी जुळेलच असं नाही. काही रंग तर sRGB मध्ये बसतच नाहीत. गर्द मोरपंखीतल्या काही शेड साध्या स्क्रीनला दाखवता येत नाहीत, तिथे जवळचा रंग स्वीकारून दुकानदाराला तसं आधीच सांगावं.

फोटो काढण्याआधी विचारलं तर मी एकच सांगतो: मॉडेलला सगळ्यांत फिकट रंग घाला. नेव्ही ब्लू कुर्त्याचा हळदी करायचा म्हटलं तर गणित तेच, पण नेव्हीचे आकडे मुळात वीस-तीसच्या घरातले. त्यांना हळदीपर्यंत ओढताना कॅमेऱ्याचे कणही तेवढ्याच पटीने फुगतात आणि कापडावर रांगोळी सांडल्यासारखं दिसतं. आणि धूपछाव कापड असेल, म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, तर हिशेब मांडूच नये. ते वळलं की रंग बदलतं, त्याला एक आकडा नसतो. त्याचा फोटो तेच कापड घालून काढावा लागतो.