स्टॉक रेकॉर्डची अचूकता आणि टॉलरन्स

स्टॉक रेकॉर्डची अचूकता म्हणजे सिस्टिममधे जेवढा माल दाखवतंय तेवढा रॅकवर खरंच आहे का, याची टक्केवारी. मोजलेल्या रेकॉर्डपैकी किती बरोबर निघाली ते घ्यायचं, एकूण मोजलेल्या रेकॉर्डने भागायचं, 100 ने गुणायचं, झालं. सूत्र चौथीच्या मुलाला जमेल असं आहे, सगळी गोची आहे ती "बरोबर" या एका शब्दात. 12,000 नट असायला हवेत आणि 11,640 भरले तर ते बरोबर की चूक, आणि 42 मोटर्सच्या जागी 41 भरल्या तर? किती फरक चालवून घ्यायचा याची जी मर्यादा मोजणीच्या आधीच ठरवून ठेवलेली असते तिला टॉलरन्स म्हणतात, आणि टॉलरन्स न सांगता सांगितलेल्या टक्केवारीला काही अर्थ नसतो.

ही टक्केवारी खरी गरजेची झाली ती 1970च्या दशकात, अमेरिकेत कारखान्यांचं मटेरियल प्लॅनिंग कॉम्प्युटरवर जायला लागलं तेव्हा. कॉम्प्युटर स्टोअरमधे जाऊन बघत नाही, रेकॉर्डमधे 50 आहेत म्हटलं की 50 धरतो आणि ऑर्डर टाकतच नाही. प्लॅनिंग चालवायचं तर किमान 95 टक्के तरी हवीच, हा आकडा तेव्हापासून रूढ झाला. 95 ऐकायला भारी वाटतं पण 10 पार्ट लागणारी एखादी असेंब्ली घ्या, प्रत्येक पार्टचं रेकॉर्ड बरोबर असण्याची शक्यता 95 टक्के धरा, तर दहाच्या दहा बरोबर असण्याची शक्यता 60 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे दहातल्या चार असेंब्लींमधे कुठला ना कुठला पार्ट रेकॉर्डपेक्षा वेगळा निघणार. म्हणून 95 हे ध्येय नाही, तळ आहे.

आता एक उदाहरण पूर्ण करून बघू, भोसरी-चाकणकडच्या कुठल्याही मध्यम वर्कशॉपच्या स्टोअरमधे शोभेल असं. आकडे समजावण्यापुरते घेतलेत. सकाळी स्टोअरकीपरने सहा रेकॉर्ड मोजायला काढली. गिअर मोटर, 18,000 रुपयांची एक, सिस्टिममधे 42, रॅकवर 41. बेअरिंग 6205, नग 150 रुपये, सिस्टिममधे 360 आणि हाताने मोजून 357. एम 8 नट, दीड रुपयाला एक, सिस्टिममधे 12,000 आणि काट्यावर वजनाने 11,640. हायड्रॉलिक ऑइल, लिटरला 150 रुपये, सिस्टिममधे 820 लिटर आणि टाकीत डिपस्टिक घालून 805. आणि 40 रुपयांचं ऑइल सील, जे दोन रॅकवर ठेवलेलं आहे म्हणून त्याची रेकॉर्ड दोन, पहिल्या रॅकवर 200 हवीत तिथे 150 आणि दुसऱ्यावर 100 हवीत तिथेही 150.

या एकाच मोजणीतून किती वेगवेगळी उत्तरं निघतात बघा. एकाही नगाचा फरक चालणार नाही म्हटलं तर सहाच्या सहा चूक, अचूकता शून्य. आता टॉलरन्स लावू, मोटरला अजिबात सूट नाही, बेअरिंग आणि सीलला 1 टक्का, ऑइलला 2 टक्के, नटला 5 टक्के. बेअरिंगला साडेतीनपर्यंत सूट मिळते, फरक 3 चा, पास. ऑइलला 16 लिटरपर्यंत सूट, फरक 15, पास. नटला 600 पर्यंत सूट, फरक 360 चा, पास. मोटर नापास, सीलचे दोन्ही रॅक नापास, म्हणजे सहापैकी तीन, 50 टक्के. पण रॅकनुसार न बघता आयटमनुसार बघितलं तर सील दोन्ही रॅक मिळून 300 च्या 300 भरतात, मग पाचपैकी चार आयटम बरोबर, 80 टक्के. आणि अकाउंट्सवाले रुपयात बघतात, पुस्तकी किंमत 9,63,000, एकूण तूट 21,240, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आतच, अचूकता 97.8.

0, 50, 80 आणि 97.8, चारही आकडे गणिताने बरोबर आहेत आणि स्टोअरमधला माल तोच आहे. माझं मत विचाराल तर स्टोअर चालवणाऱ्याने 50 वालाच धरावा, कारण माल काढायला गेलेला माणूस एका ठराविक रॅकसमोर उभा राहतो, त्याला 180 सील हवेत आणि समोर 150 च आहेत, उरलेली पलीकडच्या रॅकवर आहेत हे त्याला कोण सांगणार. रुपयातला आकडा ताळेबंदासाठी ठीक आहे पण त्यात तूट आणि जादा एकमेकांना खाऊन टाकतात, एक मोटर कमी आणि त्याच किमतीची दुसरी मोटर जादा निघाली की फरक शून्य दिसतो आणि लाईन मात्र बंद पडते.

या आकड्यांसोबत ऑडिटचा 10 टक्क्यांचा आकडा पण बरेचदा मिसळला जातो. भारतात कारो 2020 या ऑडिट अहवालाच्या आदेशात असं आहे की प्रत्यक्ष पडताळणीत मालाच्या एखाद्या वर्गात एकूण 10 टक्के किंवा जास्त तफावत निघाली का आणि ती हिशोबात नीट घेतली का हे ऑडिटरने सांगायचं. तो आकडा वर्गाच्या एकूण मालावर आहे, एकेका रॅकवर नाही, त्यामुळे "10 टक्क्यांच्या आत आहे ना, मग स्टॉक ओके" हे स्टोअरसाठी लागू होत नाही.

टॉलरन्स किती ठेवायचा? अमेरिकेतल्या अ‍ॅपिक्स या संस्थेच्या नावाने बऱ्याच पाठ्यपुस्तकांत दिलेले आकडे असे, किमतीने भारी अशा ए गटाला 0.2 टक्के, मधल्या बी गटाला 1 टक्का आणि स्वस्त सी गटाला 5 टक्के. सुरुवातीला ठीक आहेत पण नुसती किंमत बघून भागत नाही, वस्तू मोजली कशी जाते हे पण बघावं लागतं. हाताने एकेक मोजता येणारी वस्तू स्वस्त असली तरी तिला फार सूट देण्याचं कारण नाही. टॉलरन्स असतो तो मोजण्याच्या पद्धतीत जी चूक राहणारच तिच्यासाठी, आपल्या आळसासाठी किंवा चोरीसाठी नाही.

नटचंच बघा. एम 8 चा साधा नट साधारण 5.2 ग्रॅमचा. काटा 1 ग्रॅमपर्यंत दाखवतो, म्हणजे वाचताना अर्धा ग्रॅम इकडे तिकडे होणार. सॅम्पल म्हणून 10 नट ठेवून काट्याला नगाचं वजन शिकवलं तर 52 ग्रॅममधे अर्धा ग्रॅम, जवळपास 1 टक्क्याची चूक, आणि ती पुढे 12,000 नटांवर पसरली की 115 नट होतात. तेच 200 नटांचं सॅम्पल घेतलं तर चूक 6 नटांवर येते. त्यात रिकाम्या क्रेटचं वजन वजा करायला विसरलात तर बात वेगळीच. म्हणजे सॅम्पल मोठं घेणाऱ्या स्टोअरला 5 टक्के लागतच नाहीत, नटांच्या वजनातला थोडाफार फरक धरूनही 1 टक्क्यात काम होईल, आणि तसं असेल तर आपल्या उदाहरणातले 360 कमी निघालेले नट, म्हणजे 3 टक्के, नापास व्हायला हवेत. मर्यादा सैल होती म्हणूनच ते पास झाले.

टक्केवारीने एका टोकाला अडचण येते ती छोट्या आकड्यांची. 8 नगांचे 5 टक्के म्हणजे अर्धा नगही नाही, म्हणजे स्वस्त वस्तूलाही सूट शून्य, म्हणून काही ठिकाणी "5 टक्के किंवा 2 नग, जे जास्त असेल ते" असं लिहून ठेवतात. आणि सिस्टिममधे शून्य असून रॅकवर 5 सापडले तर टक्का काढताच येत नाही, असं रेकॉर्ड सरळ चूक धरायचं. याच्या उलट, सिस्टिममधेही शून्य आणि रॅकही रिकामा, अशी रेकॉर्ड मोजणीत घातली की टक्केवारी आपोआप वर जाते, म्हणून ती वेगळी मोजावीत. काहीच नसलेलं बरोबर निघणं सोपं असतं.

सूट मिळाली म्हणजे रेकॉर्ड दुरुस्त करायचं नाही असंही नाही, यावर स्टोअरमधे वाद होतात. हाताने मोजलेले 357 बेअरिंग खरेच 357 आहेत, तर सिस्टिममधे 357 करून टाका, सूट फक्त गुण देण्यासाठी. पण डिपस्टिकचे 805 लिटर हे तापमान आणि टाकी थोडी कललेली असणं यानेही हलतात, ते प्रत्येक वेळी दुरुस्त करत बसलात तर मोजण्याचा गोंधळच रेकॉर्डमधे भराल. तिथे फरकाची दिशा बघायची. मोजण्याची चूक कधी वर जाते कधी खाली, ओळीने चार मोजण्या कमीच निघाल्या, प्रत्येक वेळी सुटीच्या आतच का असेना, तर ऑइल कुठेतरी गळतंय किंवा स्लिपशिवाय जातंय. टॉलरन्सच्या आत दडणारी ही तूट पकडायला फरकांचा वहीतला रांगेने लिहिलेला हिशोब पुरतो, पास-नापासच्या शिक्क्यात ती कधीच दिसत नाही.

मोजणाऱ्याला सिस्टिमचा आकडा आधी दाखवायचा नाही, हा नियम मोडला की सगळं गेलं. समोर 360 दिसत असेल तर 357 मोजलेला माणूस "माझंच चुकलं असेल" म्हणून 360 लिहितो, आणि कुठलाही टॉलरन्स मग ते पकडू शकत नाही. दुसरं कटऑफचं, मोजणी चालू असताना त्या रॅकवरून माल निघाला किंवा आलेल्या मालाची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची एंट्री व्हायची राहिली तर फरक दिसतो पण रेकॉर्ड चुकलेलं नसतं. म्हणून नापास निघालं की लगेच चूक लिहू नये, दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजावं आणि त्या दिवसाच्या स्लिपा बघाव्यात. आपल्या मोटरचं तसं केलं तर समजा असं निघतं, रात्रपाळीत कन्व्हेयरची मोटर जळाली, मेंटेनन्सवाल्यांनी रॅकवरची उचलून बसवली आणि इश्यू स्लिप राहून गेली. मोजणी बरोबर, रेकॉर्ड चूक, आणि दुरुस्ती सिस्टिममधे 41 टाकण्याची नाही फक्त, रात्री स्लिप कोण फाडणार हे ठरवण्याची पण आहे.

दुकानांमधे हीच गोष्ट कारखान्यापेक्षा वाईट असते. 2008 मधे प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एका रिटेल साखळीच्या 37 दुकानांतली जवळपास 3,70,000 रेकॉर्ड तपासली तर 65 टक्के जुळत नव्हती. मात्र तिथे एका नगाचा फरक असला तरी रेकॉर्ड चूक धरलं होतं, त्यामुळे हा आकडा आपल्या 1 आणि 5 टक्के सूट दिलेल्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. एकाच स्टोअरच्या दोन वर्षांचंही तसंच आहे, मागच्या वर्षी सी गटाला 2 टक्के सूट होती आणि यंदा 5 केली तर अचूकता वाढलेली दिसेल पण रॅकवर काहीच बदललेलं नसेल, अशा वेळी जुन्या मोजण्यांवर नवी मर्यादा लावून जुना आकडा परत काढावा लागतो, आणि त्यासाठी नुसते पास-नापास नाही तर मोजलेले मूळ आकडे जपून ठेवलेले असावे लागतात.