पोळ्याला सुरू झालेली गोळी, नवरात्रात सुरू झालेला खोकला

सर्दी-पडशानंतरचा खोकला बहुतेकांचा तीन आठवड्यांच्या आत थांबतो. काहींची ढास आणखी महिनाभर रेंगाळते, कारण विषाणू गेला तरी श्वासनळीचं आतलं अस्तर हुळहुळं राहिलेलं असतं. पण मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवडे उलटूनही चालूच असेल, तर त्याला सर्दी म्हणणं सोडून द्यावं. तरीही घरोघरी महिनोन्‌महिने खोकणाऱ्या माणसाला "सर्दी मुरलीय, छातीत कफ साठलाय" असंच सांगितलं जातं आणि काढ्यावर काढे चालू राहतात. अशा खोकल्याचं मूळ कधी कधी रोज सकाळी घ्यायच्या बीपीच्या गोळीत असतं, तर कधी पोटात.

एक उदाहरण घेऊन बघू. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या काकू, वय पंचावन्नच्या आसपास. पोळ्याच्या सुमारास तालुक्याच्या डॉक्टरांनी बीपी तपासलं, ते वाढलेलं निघालं आणि रोज एक गोळी सुरू झाली. महिनाभराने घट बसले आणि त्याच आठवड्यात काकूंना खोकला लागला. तेव्हाच शेतात सोयाबीनची काढणी चालू होती. मळणीयंत्रापाशी उभं राहिलं की नाकातोंडात धूळ जाते, त्यामुळे धुळीचा खोकला म्हणून सगळ्यांनी तो सोडून दिला. दिवाळीत थंडी पडली, मग थंडीचा झाला. पुढे कापूस वेचणी आली आणि तंतूंवर खापर फुटलं. अडुळसा, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, वाफ, दोन वेळा अँटिबायोटिक, तीन बाटल्या कफ सिरप, सगळं झालं. संक्रांत आली तरी काकू खोकतच होत्या.

या खोकल्याची चाल जवळून बघण्यासारखी आहे. बेडका पडत नाही. ताप नाही, नाक वाहत नाही, भूक नीट लागते. घशाच्या खाली, गळ्याच्या खळग्यापाशी सारखं खाजल्यासारखं, पीस फिरवल्यासारखं होतं आणि उबळ आली की थांबवता येत नाही. ओवाळायला ताट हातात घेतलं, फोनवर चार वाक्यं बोलल्या की ठसका. रात्री आडवं झाल्यावर तर घरातल्या सगळ्यांची झोप मोडते. बायकांना यात आणखी एक त्रास होतो, ज्याबद्दल त्या डॉक्टरांपुढेही बोलत नाहीत: जोराच्या उबळीबरोबर थोडी लघवी होते. लाजेपोटी मग लग्नकार्याला, कीर्तनाला जाणंच बंद होतं.

काकूंच्या गोळीच्या पट्टीवर कंपनीने दिलेलं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत खरं औषध लिहिलेलं होतं: रामिप्रिल. या गटातल्या सगळ्या औषधांच्या नावाचा शेवट "प्रिल" असाच होतो. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, रामिप्रिल. इंग्रजी पट्टीवर शेवटची चार अक्षरं पी-आर-आय-एल अशी दिसतात. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलालाही ती वाचता येतील.

या गोळ्यांचा आणि खोकल्याचा संबंध कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या शरीरात एसीई नावाचं एक एन्झाइम असतं. ते कात्रीसारखं काम करतं आणि दोन वेगवेगळे रेणू कापतं. एकाला कापून ते रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ तयार करतं, त्यामुळे बीपी वाढतं. दुसरा रेणू म्हणजे ब्रॅडिकायनिन. त्याला कापून ते निकामी करतं. प्रिल गोळी या एन्झाइमलाच अडवते. रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, हे हवंच असतं. पण त्याबरोबर ब्रॅडिकायनिन मोडलं जाणंही मंदावतं आणि ते श्वासमार्गात साठत जातं. तिथे खोकल्याची सूचना मेंदूला देणारी बारीक मज्जातंतूंची टोकं असतात. ती इतकी हळवी होतात की थंड हवा, बोलणं, फोडणीचा खाट एवढंही पुरतं.

या औषधांची सुरुवातही याच रेणूपासून झाली. १९६५ साली सर्जिओ फेरेरा या ब्राझिलच्या शास्त्रज्ञाने तिथल्या जराराका नावाच्या सापाच्या विषातून ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक वेगळा केला. त्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल हे औषध घडवलं गेलं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. खोकल्याची तक्रार डॉक्टरांच्या नीट लक्षात यायला मात्र आणखी काही वर्षं गेली, आणि तेही साहजिक आहे. खोकला कोणाला येत नाही?

प्रिल घेणाऱ्या दहापैकी साधारण एका माणसाला हा त्रास होतो, असं ढोबळमानाने धरता येईल. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. पहिल्या गोळीनंतर काही तासांत तो सुरू होऊ शकतो, काही आठवड्यांनी होऊ शकतो, कित्येक महिन्यांनीही होऊ शकतो. दिशाभूल इथेच होते. गोळी घेतली आणि अंगावर पुरळ उठलं तर कोणीही गोळीला दोष देईल. गोळी सुरू होऊन महिना झाला, मध्ये काढणी आली, सर्दीही होऊन गेली, तर गोळीची आठवण कोणाला येणार? डोस निम्मा केल्यानेही सहसा फरक पडत नाही, आणि एका प्रिलऐवजी दुसरं प्रिल दिलं तर खोकला बहुधा तसाच राहतो.

काकूंच्या डॉक्टरांनी आधी क्षयाची शंका दूर केली, आणि ही पायरी आपल्याकडे कोणीही गाळू नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करायचीच, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. बेडका पडतच नसेल तर छातीचा एक्स-रे काढतात. काकूंचा एक्स-रे स्वच्छ होता. मग डॉक्टरांनी गोळी कधी सुरू झाली आणि खोकला कधी लागला हे विचारलं. "पोळ्याला" आणि "घट बसले तेव्हा" ही दोन उत्तरं शेजारी शेजारी आली तेव्हा कुठे गुंता सुटायला लागला.

रक्ताची किंवा श्वासाची अशी कुठलीही तपासणी नाही, जी हा खोकला गोळीचाच आहे असं छापून देईल. ते कळण्याची वाट एकच: डॉक्टरांनी गोळी बदलायची आणि वाट बघायची. काकूंना रामिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन दिलं. "सार्टन" गटातली ही औषधं बीपी वाढवणाऱ्या त्याच साखळीत पुढच्या टप्प्यावर काम करतात, एन्झाइमला हात लावत नाहीत, म्हणून ब्रॅडिकायनिन साठत नाही. आज आपल्याकडे पुष्कळ लोक टेल्मिसार्टन किंवा ॲम्लोडिपिनच घेतात. हा लेख वाचून त्यांनी आपल्या गोळीवर संशय घेऊ नये.

पहिला आठवडा गेला, खोकला तसाच. दुसऱ्या आठवड्यात सूनबाई म्हणाल्या, "आत्या, याने काही फरक नाही, जुनीच गोळी बरी होती." इथेच अनेकांचा घोटाळा होतो. हळव्या झालेल्या मज्जातंतूंना शांत व्हायला एक ते चार आठवडे लागतात, काहींना तीन महिनेही लागतात. आठ दिवसांत निकाल लावून जुनी गोळी परत सुरू केली की खरं कारण सापडूनही हातचं जातं. काकू थांबल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांना रात्रभर झोप लागली आणि पाचव्यात खोकला गेला. दरम्यान नव्या गोळीवर बीपी नीट राहतंय का, हे दोनदा मोजलं.

मात्र गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. प्रिल काही जणांना नुसत्या बीपीसाठी दिलेलं नसतं. हार्ट अटॅकनंतर, हृदयाचं पंपिंग कमी झाल्यावर किंवा मधुमेहात किडनी जपण्यासाठीही ते देतात. तिथे अचानक गोळी तोडणं महागात पडतं. शिवाय पंपिंग कमी झालेल्या माणसाला छातीत पाणी साठूनही खोकला येतो. आडवं झालं की दम लागतो, पाय सुजतात. हा खोकला वेगळा, आणि गोळी कमी करून त्याला उतार पडत नाही.

आता काकूंच्या मालकांकडे वळू, कारण तेही खोकतात आणि त्यांना बीपीची गोळीच नाही. शेतीची लाईट रात्रीची, मोटर चालू करून पाणी देऊन घरी यायला दहा-अकरा वाजतात. मग भाकरी, ठेचा, येसर पोटभर खाऊन लगेच अंथरुणावर. त्यांचा खोकला जेवणानंतर आणि आडवं झाल्यावर वाढतो. सकाळी आवाज बसलेला असतो, घसा सारखा खाकरावा लागतो. छातीत जळजळ विचारली तर म्हणतात, "मला पित्ताचा काही त्रास नाही."

ते खोटं बोलत नाहीत. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली स्नायूंची कडी सैल पडली की जठरातला रस वर येतो. तो घशापर्यंत पोचून श्वासनळीत थेंबभर उतरला तर खोकला येतोच. पण तो अन्ननलिकेच्या खालच्या भागापर्यंत आला तरी पुरतं. अन्ननलिका आणि श्वासनळी यांच्या संवेदना व्हेगस या एकाच मज्जातंतूतून जातात, त्यामुळे खालच्या चिथावणीला वरून खोकल्याचं उत्तर मिळतं. जळजळ, आंबट ढेकर यातलं काहीच नसताना हे घडू शकतं. आणि खोकताना पोटावर दाब येतो, त्याने आणखी रस वर ढकलला जातो.

मेडिकलमधून पित्ताची गोळी आणून हा खोकला जाईल अशी खात्री नाही. पँटोप्राझोलसारखी गोळी आम्ल कमी करते, पण वर येणं थांबवत नाही. ज्यांना जळजळ होतच नाही त्यांच्या खोकल्यावर नुसत्या गोळीचा फायदा फारसा दिसत नाही. ज्यांना जळजळ आहे त्यांनीही ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, जेवल्यावर नाही. उपयोग जास्त होतो तो जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवण्याचा. मालकांनी संध्याकाळी सहा-सातलाच घरून जेवून शेतावर जायला सुरुवात केली, ढेरी थोडी उतरवली आणि पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या. उशीवर उशी रचली तर कंबरेत वाकून पोट उलट दाबलं जातं. सगळा पलंगच सहा-सात इंच उतरता हवा. फरक दिसायला दोन ते तीन महिने द्यावे लागतात.

प्रिल घेणाऱ्यांनी खोकल्याखेरीज आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. क्वचित कोणाचे ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजतो, तोही बहुतेकदा ब्रॅडिकायनिनमुळेच. गोळी वर्षभर सुखाने घेतली असली तरी हे होऊ शकतं. अशा वेळी पुढची गोळी घ्यायची नाही, सूज उतरायची वाट न बघता ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जायचं, कारण सूज घशात उतरली तर श्वास कोंडतो. नंतर त्या माणसाला प्रिल गटातलं कुठलंही औषध आयुष्यात परत द्यायचं नसतं, म्हणून त्या गोळीचं नाव केसपेपरवर ठळक लिहून घ्यावं.